बुधवारची मीटिंग रद्द

मंगळवारी सकाळी व्यवस्थापकांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं. तेव्हाच ताईंना काहीतरी वेगळं आहे याचा वास आला, कारण एरवी ते त्यांना दारातूनच काम सांगत.

शहर बससेवेच्या मुख्य कार्यालयात ताई समन्वयक होत्या. दर बुधवारी दहाला होणारी मीटिंग त्यांची होती. विषय गोळा करायचे, यादी करायची, खोली राखून ठेवायची, शेवटी कोण काय म्हणालं ते लिहून पाठवायचं. एकोणीस वर्षांत त्यांनी तीनच बुधवार चुकवले होते. त्यातले दोन मुलीच्या बाळंतपणात गेले.

"उद्याला किती जण आहेत?" व्यवस्थापकांनी विचारलं. ते येऊन चार महिने झाले होते.

"अडतीस."

"विषय?"

"सात."

त्यांनी यादी पुढे सरकवली. "यातले चार नुसते सांगायचे आहेत. एकावर डेपोंनी आकडे द्यायचे आहेत. निर्णय लागतो तो फक्त दोनवर. त्यासाठी लांबच्या डेपोची माणसं दीड-दीड तास प्रवास करून येतात, मागे बसतात आणि मोबाईल बघतात. ताई, मी मागे बसून पाहिलंय. आपण हे ईमेलवर करू."

म्हणणं खोटं नव्हतं, तेच ताईंना जास्त लागलं.

"तुम्हाला पटत नसेल तर सांगा," ते म्हणाले.

"पटतंय," ताई म्हणाल्या. "पण पटलं म्हणून बरं वाटतं असं नाही."

जागेवर येऊन त्यांनी कॅलेंडर उघडलं. मीटिंग सुरू झाली तेव्हा माणसं सात होती. मोठे साहेब, म्हणजे तेव्हाचे प्रमुख, टेबलावर वेळापत्रकाचा भलामोठा कागद पसरायचे. त्याची कोपऱ्याला गुंडाळी होऊ नये म्हणून चारही टोकांवर चहाचे कप ठेवायचे. सगळे उभ्यानेच वाकून बोलायचे. पेन्सिलीने एक रेघ खोडली की एक बस दहा मिनिटं पुढे जायची. भांडणंही व्हायची. एकदा दोन डेपोप्रमुख शेवटच्या फेरीवरून इतके इरेला पेटले, की साहेबांनी दोघांना त्याच फेरीने घरी जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं हसत आले आणि फेरी राहिली.

मग माणसं वाढत गेली. कुणालाही वगळलं की त्याला राग यायचा, म्हणून कुणालाच वगळलं नाही. टेबल पुरेना, खुर्च्या भिंतीला लागल्या. कागदाच्या जागी पडदा आला आणि माणसं वाकायची थांबली. हे नेमकं कुठल्या वर्षी झालं, ते ताईंना आठवेना.

रद्द करताना कॅलेंडरने विचारलं: फक्त ही, ही आणि यापुढच्या, की सगळ्या? सगळ्या म्हटलं असतं तर मागच्याही पुसल्या गेल्या असत्या. ताईंनी 'ही आणि यापुढच्या' निवडलं. झालेल्या राहू देत.

निरोप जाण्याआधी त्या बोलावलेल्यांच्या यादीवरून एकदा नजर फिरवत होत्या, आणि सतराव्या ओळीवर थांबल्या. मोठ्या साहेबांचा घरचा ईमेल पत्ता होता तो. निवृत्तीनंतर काही महिने ते सल्लागार म्हणून यायचे तेव्हा घातलेला, मग काढायचा राहून गेलेला. सहा वर्षं दर मंगळवारी त्यांना विषयांची यादी जात होती. आता रद्दचा निरोपही जाणार, आणि नुसता पत्ता काढला तरी तसाच निरोप जाणार. तो असा कोरडा जाऊ नये म्हणून ताईंनी आधी फोन लावला.

"बोल गं," साहेब म्हणाले. आवाज थोडा बारीक झाला होता.

ताईंनी सगळं सांगितलं.

"अडतीस झाले होय?" ते म्हणाले. "मग बरोबर करतोय तो. अडतीस जणांत बोलणं होत नाही, भाषण होतं."

"तुम्हाला इतकी वर्षं यादी येत होती, माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझ्या आलं होतं. पण मी गप्प बसलो. मंगळवारी संध्याकाळी यादी वाचायची आणि मनातल्या मनात उत्तरं द्यायची. तुझी वहिनी म्हणायची, एवढं हसताय काय." ते थांबले. "आता काढून टाक मला. ऑफिसचे कागद घरी येणं बरोबर नाही. मीच सांगायला हवं होतं."

ताईंनी त्यांचं नाव काढलं, मग रद्द केलं. खोली मोकळी केल्याचं कळवलं. कँटीनवाल्याला अडतीस कप नकोत म्हणून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "काही वाईट झालं का, ताई?" लांबच्या चार डेपोंना त्यांनी फोनही केले, कारण तिकडची माणसं पहाटे निघतात आणि ईमेल ऑफिसात आल्यावर बघतात.

मग ईमेल. तो लिहायला त्यांना मीटिंगपेक्षा जास्त वेळ लागला. खोलीत 'पुलाचं काय करायचं' एवढं म्हटलं की भागायचं. इथे सगळं मांडावं लागलं. माहितीसाठीचे विषय खाली ठेवले, निर्णयाचे वर. प्रत्येकापुढे कुणी उत्तर द्यायचं ते पद आणि मुदत: गुरुवार, दुपारी चार. पहिला विषय नदीवरच्या पुलाचा होता. एक तारखेपासून तो तीन महिने दुरुस्तीला बंद राहणार होता आणि चौदा नंबरच्या बस गिरणीच्या रस्त्याने वळवायच्या होत्या. सोबत नकाशा जोडला. पहिल्याच ओळीत लिहिलं: उत्तर फक्त मला पाठवावे.

बुधवारी दहाला पहिलं उत्तर आलं, ते सगळ्यांना. 'नोंद घेतली.' त्याखाली दुसऱ्याने सगळ्यांना लिहिलं, 'मीही.' तिसऱ्याने आभार मानले. चौथ्याने सगळ्यांना विनंती केली की कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नये. अर्ध्या तासात सव्वीस ईमेल झाले. ताईंना हसू आलं. खोलीतला गोंगाट दार बंद केल्यावर फटीतून येतो, तसा तो येत होता. पुढच्या वेळी सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत असे घालायचे, असं त्यांनी वहीत टिपलं.

अकराच्या सुमारास एक ईमेल फक्त त्यांना आला. वर्कशॉपच्या फोरमनचा.

फोरमनला ऑफिसात मौनीबाबा म्हणत. चौदा वर्षं तो मीटिंगला येत होता, दाराजवळच्या खुर्चीवर बसत होता, वहीत काहीतरी लिहीत होता आणि कुणी काही विचारलं तर मान हलवत होता. त्याचा ईमेल दोन पानी होता.

त्याने लिहिलं होतं की गिरणीच्या कोपऱ्यावर बारा मीटरची बस वळते, पण वळताना तिचा मागचा भाग फुटपाथवर येतो. पुढचं चाक रस्त्यातच असल्याने चालकाला ते कळत नाही. त्याच फुटपाथवर शाळेचं फाटक आहे. बंद पडलेली बस ओढून आणताना त्याने हे स्वतः पाहिलं होतं. त्याने कोपऱ्याची मापं दिली होती, कागदावर काढलेल्या आकृतीचा फोटो जोडला होता आणि उपायही सुचवला होता: त्या रस्त्याने फक्त नऊ मीटरच्या गाड्या सोडाव्यात, लांब गाड्या तलावाकडून न्याव्यात. सहा मिनिटं जास्त लागतील. छोट्या गाड्या कुठल्या मार्गावरून काढता येतील, तेही होतं.

ताईंनी तो दोनदा वाचला. मग व्यवस्थापकांना पुढे पाठवला आणि स्वतः अंगण ओलांडून वर्कशॉपमध्ये गेल्या.

फोरमन गाडीखालून बाहेर आला, हात पुसत उभा राहिला.

"तुमचा ईमेल वाचला," ताई म्हणाल्या. "पुलाचा विषय मागच्या महिन्यातही निघाला होता. तेव्हा का नाही बोललात?"

त्याने तोंड उघडलं आणि शब्द अडला. मान ताणली गेली, ओठ थरथरले. ताई थांबल्या. एवढ्या वर्षांत त्याच्यासमोर आपण कधी थांबलोच नव्हतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

"बो... बोलायला लागलो," तो शेवटी म्हणाला, "की पुढचा विषय सुरू व्हायचा."

पुढचा विषय ताईच सुरू करायच्या.

"आधी ब... बरं होतं," तो म्हणाला. "मोठे साहेब मीटिंग झाली की इथे यायचे. वही मागायचे. इथे, या टायरवर बसून वाचायचे." त्याने हसून खाली ठेवलेल्या टायरकडे हात केला. "शाळेच्या सुट्टीत फेऱ्या क... कमी केल्या ना, ते माझ्या वहीतलं."

ताईंना तो निर्णय आठवत होता. साहेबांनी दुसऱ्या बुधवारी तो मांडला होता आणि त्यांनी स्वतः टिपणात लिहिलं होतं: प्रमुखांनी सुचवले. आता कळलं, साहेब मीटिंगनंतर अर्धा तास कुठे नाहीसे व्हायचे. सगळ्यांना वाटायचं, सिगारेट ओढायला जातात.

"ते गेल्यावर वहीचं काय झालं?"

"लिहितो अजून. स... सवय."

गुरुवारी दुपारी व्यवस्थापकांनी लांब बस मागवली आणि शाळा सुटण्याआधी चौघं गिरणीच्या कोपऱ्यावर गेले: ते, ताई, फोरमन आणि एक जुना चालक. फोरमनने फुटपाथवर खडूची रेघ मारली. चालकाने बस सावकाश वळवली. मागचा कोपरा रेघेच्या आत हातभर येऊन गेला. चालक खाली उतरला, रेघ पाहून म्हणाला, "वीस वर्षं चालवतोय, मला वाटायचं आपण रस्त्यातच आहोत."

व्यवस्थापकांनी फोरमनकडे वळून दोन प्रश्न विचारले आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले. चार वाजता ताईंनी निर्णय कळवला: लांब गाड्या तलावाकडून. शेवटी लिहिलं, 'सूचना: फोरमन, वर्कशॉप.' तीन महिने पूल बंद राहिला, तक्रारी आल्या त्या सहा मिनिटांच्या.

ईमेलची पद्धत बसली. काही गोष्टी त्यात मावत नाहीत हेही कळलं. तेव्हा तीन-चार माणसं भेटतात, जिथे अडलंय तिथे. व्यवस्थापकांनी वही मागितली तेव्हा फोरमनने चौदा आणून ठेवल्या. ताई त्या घरी नेऊन एकेक वाचतात. त्यात त्यांचा चौदा वर्षांतला प्रत्येक बुधवार आहे, पण दाराजवळच्या खुर्चीवरून पाहिलेला. कोण कुणाशी भांडलं, कोण झोपलं, कुठल्या दिवशी ताई रडवेल्या दिसत होत्या. त्या दिवशी काय झालं होतं, ते त्यांना स्वतःलाही आठवत नाही.

बुधवारी दहाला मात्र अजून चुकल्यासारखं होतं. मागच्या आठवड्यात त्या काही काम नसताना त्या खोलीपर्यंत गेल्या. आत नव्या वाहकांचं प्रशिक्षण चालू होतं. दाराशी उभं राहून त्यांनी थोडा वेळ ऐकलं. एका मुलीने हात वर केला होता आणि शिकवणाऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"त्या मुलीला काहीतरी विचारायचंय," ताई दारातूनच म्हणाल्या.