एकशे शहात्तर जणींवरून

मुंधडा सरांनी ते वाक्य तिसऱ्यांदा खोडलं होतं. छायाने लिहिलं होतं, "या जनुकीय बदलाचा आणि वारंवार होणाऱ्या गर्भपाताचा संबंध असू शकतो." त्यावर लाल शाईने आडवी रेघ मारून सरांनी वर लिहिलं होतं, "विदर्भातील स्त्रियांमध्ये वारंवार गर्भपात होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. सर्व गर्भवतींची तपासणी व्हावी."

डॉ. छाया भोयर वर्ध्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बायोकेमिस्ट्री शिकवायची. डॉ. धर्मेंद्र मुंधडा तिचे विभागप्रमुख. २००५ चा एप्रिल होता. कूलरमधून गवताचा ओला वास यायचा, पण हवा काही गार व्हायची नाही. छाया खुर्चीत बसायची, उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची. कागद समोरच असायचा.

काम तसं साधं होतं. शरीरात फोलेट हे जीवनसत्त्व वापरलं जातं, त्यात एका एन्झाइमचा वाटा असतो. त्या एन्झाइमच्या जनुकात काही लोकांमध्ये एका अक्षराचा बदल आढळतो. दोन किंवा जास्त वेळा गर्भपात झालेल्या चौऱ्याऐंशी बाया आणि दोन सुखरूप बाळंतपणं झालेल्या ब्याण्णव बाया, अशा एकशे शहात्तर जणींचं रक्त छायाने तपासलं. गर्भपात झालेल्यांपैकी एकोणतीस जणींमध्ये तो बदल सापडला, दुसऱ्या गटात एकोणीस जणींमध्ये. हिशोबाने शक्यता दुप्पट निघाली. पण ती दुप्पट म्हणजे खरी किती, याचा पट्टा मोठा होता : १.०३ पासून जवळजवळ चारपर्यंत. म्हणजे चौपटही असेल, नाहीतर फरक असून नसल्यासारखाही असेल.

"मॅडम, पी व्हॅल्यू शून्य पॉइंट शून्य चार आली ना? शून्य पॉइंट शून्य पाचच्या आत असली की फरक खरा धरतात," सर म्हणाले. "मग एवढं डरायचं काय? आपण महिनोन्‌महिने काम केलं. 'असू शकते, असावे' असं लिहिलं तर पेपर कोण छापणार?"

"सर, आपण तीन जनुकं तपासली. तीनदा जाळं टाकलं की एखादा मासा योगायोगानेही लागतो. तीनचा हिशोब धरला तर हे शून्य पॉइंट शून्य चार टिकत नाही."

"ते आकड्यांच्या टेबलखाली बारीक अक्षरात लिहा की. निष्कर्षांच्या चर्चेत, डिस्कशनमध्ये, आपली बात जोरात मांडायची."

सर वाईट माणूस नव्हते. हिंगणघाटच्या कापूस व्यापाऱ्याच्या घरातले, घरात पहिले डॉक्टर. तपासणी सुरू झाली तर खेड्यातल्या बायांचं भलं होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. प्रोफेसरपदाची मुलाखत तोंडावर होती, हेही खरं. आणि त्याच आठवड्यात एका कार्यक्रमात ते वार्ताहरांशी बोलून बसले. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात चौकट आली : "गर्भपाताचं जनुक सापडलं!"

छायाने ती वाचली आणि कापून खणात टाकली. वर्गावर गेली, शिकवताना दोनदा चुकली, पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्यानंतरच्या सोमवारी विभागाच्या दारात एक बाई उभी राहिली. साठीची, नऊवारी, हातात कापडी पिशवी. कारंजाहून एसटीने आली होती.

"मी यशोदाबाई. माई सून आचल, तिचं रगत तुमी घेतलंतं. तीनदा दिवस गेले, तीनदा पोट खाली झालं."

छायाला आचल आठवली. रक्त देताना सुईकडे एकटक पाहणारी मुलगी. "बसा ना मावशी. पाणी घ्या."

यशोदाबाई बसली, पण खुर्चीच्या कडेवर. "पेपरात आलं म्हणे, जनुकानं होते. मंग आचलले थेच हाय ना? सांगा न बाई मले."

छायाला वाटलं, आता सून टाकायची गोष्ट निघणार. ती सावध झाली. "मावशी, तुम्हाले हे काऊन पाह्यजे?"

यशोदाबाई पदर बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तिसऱ्या बारीले संत्र्याचा तोडा चालू होता. मजूर नाई भेटले. मीच म्हटलं, चाल, टोपले उचल, आमी नाई का उचलले? चार दिवसानं पोट खाली झालं. पोरगी मले बोलली नाई काई. माहा पोरगा कैलासही नाई बोलला. पण मी तवापासून जेवाले बसली की घास उतरत नाई. जनुकानं झालं असन, तर मंग माह्यानं नाई झालं. एवढंच सांगा."

छायाच्या तोंडाशी 'हो' आला होता. एक शब्द, आणि ही बाई जेवली असती. शेजारच्या खोलीतल्या यादीत आचलचा नंबर होता, निकाल होता. पण संमती घेताना तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं, की या अभ्यासातला एकेकीचा निकाल कोणालाही कळवला जाणार नाही, कारण एकेकीपुरता त्याचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. आणि सुनेचा निकाल सासूला सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

"मावशी, ऐका. ज्यांचं पोट खाली झालं, त्या चौऱ्याऐंशी जणी होत्या. त्यातल्या पंचावन्न जणींत तो बदल नव्हताच. आणि ज्यांचे लेकरं धडधाकट हायेत, त्यातल्याही एकोणीस जणींत तो होता. मग मी कसं सांगू, की त्यानंच होते?"

यशोदाबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्यानंच झालं."

"नाई! तेही नाई." छाया जवळजवळ ओरडलीच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "टोपलं उचलल्यानं झालं, हे तरी कोणी तपासलं? माह्या कागदावरून तेही सिद्ध होत नाई. शिकलेल्या डॉक्टरणीलेही माईत नाई, असं समजा."

"एवढं रगत घेतलं, तरी माईत नाई?"

"नाई."

यशोदाबाई उठली. रागावली नव्हती, समाधानीही नव्हती. "पेपरवाले तर लिहून राह्यले," एवढंच म्हणाली आणि बसस्टँडकडे निघाली.

छायाने त्या दुपारी खुर्ची सोडली नाही. 'कारण' हा शब्द डिस्कशनमध्ये किती ठिकाणी आलाय, ते शोधून एकेक काढला. पण तेवढ्याने तिला चैन पडेना. एक गोष्ट बरेच दिवस खुपत होती, ती तिने आता उघडून पाहिली. गर्भपाताच्या केसेस जिल्हाभरातून आल्या होत्या, निम्म्या तर कारंजा-आष्टी-आर्वीकडच्या. तुलनेच्या बाया मात्र बहुतेक वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेच्या आणि कॉलेजच्याच कर्मचाऱ्यांच्या घरच्या. वेगळ्या समाजांत असा बदल मुळातच कमीजास्त असतो. मग दिसलेला फरक आजाराचा की नुसता माणसांच्या निवडीचा? तिने दोन्ही गटांतल्या फक्त कारंजाकडच्या बाया वेगळ्या काढल्या. दुप्पट घटून दीडपटीच्याही खाली आली, आणि पट्टा अर्ध्यापासून साडेचारपटीच्याही पलीकडे पसरला. एवढ्या थोड्या बायांवरून 'संबंध आहे' म्हणता येत नव्हतं. 'नाही' म्हणणंही तितकंच खोटं ठरलं असतं.

शिवाय रक्तात फोलेट आणि बी-बारा किती आहे, हे तर कोणाचंच मोजलं नव्हतं. तिने तेही लिहिलं. लहान नमुन्यात पहिल्यांदा दिसलेला आकडा बहुधा खऱ्यापेक्षा मोठा असतो, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं : "हा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. एकाच भागातून निवडलेल्या मोठ्या गटात हा निष्कर्ष पडताळून पाहेपर्यंत तपासणीची शिफारस करता येणार नाही."

सरांनी उभ्याउभ्याच वाचलं. "ये क्या है? तुम्ही तर आपलाच पेपर कापून टाकला."

"सर, माझं नाव यात राहायचं असेल तर असाच जाईल."

"धमकी देता का?"

"नाही. मला झोप लागत नाही, म्हणून सांगते."

तिने यशोदाबाईचं सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले, मग चिडून म्हणाले, "एका म्हातारीसाठी सायन्स बदलायचं काय?"

"सायन्स तेच आहे, सर. आकड्यांचं टेबल बदललं नाही. तुमच्या हिंगणघाटच्या दुकानात कापसाची दोन वाणं ताडून पाहताना एक वाण एका गावचं आणि दुसरं दुसऱ्याच गावचं घ्यायचं, असं तुमचे वडील करायचे का?"

सर कागद टेबलावर टाकून निघून गेले. पुढचे कित्येक दिवस विभागात दोघं एकमेकांशी हजेरीपुरतं बोलत. छाया रोज दारात शिरताना ठरवायची, आज राजीनाम्याचं बोलू. आणि रोज संध्याकाळी न बोलता घरी जायची. सर तिला न विचारता जुना मसुदाच पाठवून देतील, ही भीती तिच्या पाठीमागे फिरत होती.

एका सकाळी टेबलावर कागद होता. सरांनी लाल शाईने फक्त दोन स्पेलिंगं दुरुस्त केली होती आणि समासात लिहिलं होतं, "कारंजा गटाचे आकडे टेबलमध्येही द्या. लपवल्यासारखं दिसतं."

त्या चौकटीची दुरुस्ती छापा म्हणून पेपरवाल्यांना मात्र त्यांनी फोन केला नाही. "आता कोण विचारतं," म्हणाले. म्हणून रविवारी छाया स्वतःच कारंजाला गेली. कैलासचं दुकान हायवेवर होतं, ट्रकच्या सुट्या भागांचं, मागे घर. आचल चहा ठेवून समोर बसली. छायाने पुन्हा सगळं सांगितलं. आचल ऐकत होती, तशी तिची मान ताठ होत गेली.

"म्हणजे मॅडम, तुमाले काईच भेटलं नाई. मी उपाशी पोटी आली होती त्या दिवशी."

"तुझ्यापुरतं काही सांगता येईल असं नाही भेटलं."

"तुमालेच माईत नाई, मंग आमी काय करावं? या घरात तर रोज कोणी ना कोणी मनात हिशोब करून राह्यलं, कोणाच्यानं झालं याचा." तिने सासूकडे पाहिलंही नाही. आतल्या दाराशी यशोदाबाई उभी होती, ती आत सरकली.

छायाने दुसरं सांगितलं : तीन गर्भपातांनंतर ज्या तपासण्या खरंच करायच्या असतात, त्या अजून झाल्या नव्हत्या. थायरॉइड, साखर, रक्ताच्या गुठळ्यांची तपासणी. स्त्रीरोग विभागात कधी यायचं, कोणाला भेटायचं, ते तिने कैलासला समजावलं. "दोघंही या," म्हणाली. कैलासने मान हलवली. आचलने हलवली नाही. पण ती आली, महिन्याभराने, सासूसोबत.

पेपर एका मोठ्या नियतकालिकाने परत पाठवला : नमुना लहान, निष्कर्ष अनिश्चित. दुसऱ्याने छोटं टिपण म्हणून छापला. मुंधडा सरांचं प्रोफेसरपद त्या वर्षी हुकलं. कधीकधी ते चहाचा कप अर्धाच ठेवून उठायचे, आणि तेव्हा छायाला आपलं चुकलं का, असं वाटून जायचं.

२००६ च्या पावसाळ्यानंतर कैलास पेढे घेऊन आला. मुलगी झाली होती. छाया पेढा हातात धरून उभी राहिली. आचलने फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेतल्या होत्या, थायरॉइडची तपासणी झाली होती, तोड्याला ती गेली नव्हती. यातलं कशाने झालं, की कशानेच नाही?

सर आत आले, ऐकलं आणि एकदम खुलले. "म्हणजे फोलिक अ‍ॅसिडचाच फरक पडला, मॅडम! आपण बरोबर होतो..."

छायाने त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं बरं," सर म्हणाले आणि पेढा उचलला. "एकच बाई आहे, तिच्यावरून ठरत नाही."

छाया हसली. पण कैलास गेल्यावर ती कितीतरी वेळ खोलीत येरझारा घालत राहिली, कारण तेच खरं असावं, असं तिलाही मनातून वाटत होतं.