चांगल्या रिपोर्टबद्दल तक्रार

वीस वर्षांत लॅबवर चिडून मी बरेच ईमेल धाडलेत, पण रिपोर्ट चांगला आला म्हणून भांडायची ही पहिलीच वेळ.

पेशंट म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. महिनाभर नाही नाही म्हणत कसेबसे डायलिसिसला तयार झाले होते. पहिलं सोमवारी होतं. त्यासाठी शुक्रवारी घरी रक्त घेतलं आणि शनिवारी सकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन ०.९, म्हणजे किडन्या अगदी ठणठणीत! आठ दिवसांपूर्वी ७.८ होतं. मास्तरांनी परस्पर डायलिसिस रद्द करून टाकलं आणि मला फोन केला, "डॉक्टर, सुटलं गणित!" मी जाऊन पाहिलं, तर पायांवरची सूज जशीच्या तशी.

लगेच लॅबला लिहिलं:

"सोबतच्या नमुना क्रमांकाचा रिपोर्ट पेशंटच्या प्रकृतीशी जुळत नाही. क्रिएटिनिन ७.८ वरून ०.९, हिमोग्लोबिन ८ वरून १३. मध्ये डायलिसिस नाही, रक्त चढवलेलं नाही. नमुन्यांची अदलाबदल झाल्याचा संशय आहे. कृपया नवीन नमुना घेऊन तपासणी करावी. दुसऱ्या कुणाच्या नावावर यांचे आकडे गेलेत का, तेही तातडीने पाहावं."

तासाभरात उत्तर: "त्याच नळीतलं रक्त पुन्हा तपासलं. ०.९. मशीन व्यवस्थित आहे."

अहो, रक्तच दुसऱ्याचं असेल तर शंभरदा तपासून काय उपयोग! माझं डोकंच फिरलं. सरळ लॅबच्या प्रमुख बाईंना फोन लावला. त्यांनी नोंदी काढल्या आणि घोळ सापडला. त्या घरात शुक्रवारी दोघांचं रक्त घेतलं होतं, मास्तरांचं आणि त्यांच्या लेकीचं. नळीवर नावाची चिठ्ठी पेशंटसमोरच लावायची असते. रक्त घ्यायला गेलेल्या लॅबच्या शहाण्याने दोघांच्या चिठ्ठ्या खाली जाऊन गाडीत बसून लावल्या.

"लेकीच्या रिपोर्टात क्रिएटिनिन ८.१ आहे," बाई म्हणाल्या. "इतकं जास्त म्हणून आम्ही सकाळीच फोन केला होता त्यांना. डॉक्टरांना दाखवते म्हणाल्या."

रविवारी दोघांचं रक्त नव्याने घेतलं, नाव विचारून, चिठ्ठी समोर लावून. मास्तर ८.२, लेक ०.९. मला वाटलं, पोरगी बिचारी दोन दिवस जिवाला घोर लावून बसली असेल. आधी तिलाच फोन केला.

"तू ठणठणीत आहेस गं."

"माहीत होतं," ती म्हणाली. "वर्षभर बाबांची फाइल मीच सांभाळतेय, डॉक्टर. त्यांचे आकडे माझ्या नावावर आले, तर ओळखणार नाही का मी?"

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलोच.

"उद्या सकाळी सांगणारच होते. रद्द केलेलं डायलिसिसही मी कालच पुन्हा ठरवून ठेवलंय." मग हळूच म्हणाली, "काल बाबा आरशासमोर दाढी करताना गुणगुणत होते. मला नाही हो जमलं."

लगेच ती म्हणाली, "आता तुम्हीच सांगा त्यांना," आणि फोन मास्तरांच्या हातात दिला.