एक हजार पन्नास डिग्री

स्क्रबरच्या पाण्याची आम्लता पुन्हा चढली तेव्हा ऋजुताला राग आला नाही, नुसता कंटाळा आला. राग यायलाही अंगात जीव लागतो, आणि तिचा जीव सकाळीच आईचं पथ्याचं करण्यात संपलेला असायचा.

टिटवाळ्याच्या पलीकडे, आसपासच्या दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या प्लांटवर ती केमिस्ट होती. भट्टीची काही तक्रार नव्हती. पहिल्या कक्षात कचरा आठशे डिग्रीला जळत होता, दुसऱ्यात त्याचा धूर एक हजार पन्नासला पुरती दोन सेकंदं थांबत होता. दुखणं होतं ते पुढे, धूर धुणाऱ्या स्क्रबरमध्ये. तिथे आम्ल मारणारं कॉस्टिक सोड्याचं पाणी कितीही वाढवलं तरी पुरत नव्हतं.

"मॅडम, भट्टीत कचरा टाकणं बंद केलंय," ऑपरेटर दिपेश म्हणाला. त्याचं घर प्लांटच्या भिंतीपलीकडच्याच गावात. "काल आईचे डोळे परत चुरचुरत होते. मला बोलली, तुझ्या भट्टीने आज काय खाल्लं रे?"

काय खाल्लं ते समोरच पडलं होतं. उतरवताना जाळायच्या कचऱ्याची एक पिवळी पिशवी फाटली होती आणि आतून पारदर्शक नळ्यांची वेटोळी बाहेर आली होती, लाल आणि निळ्या चिमट्यांची. या नळ्या लाल पिशवीत जायला हव्यात, म्हणजे वाफेने निर्जंतुक होऊन कापल्या जातात. त्या पीव्हीसीच्या, म्हणजे पोटात क्लोरीन. जाळल्या की त्याचं आम्ल होतं.

त्या नळ्या ऋजुताने लगेच ओळखल्या. आठवड्यातून तीनदा त्या तिच्या आईच्या दंडाजवळ असायच्या. तरी तिने पिशवीवरचं नाव वाचलं. आई जायची तेच कल्याणचं डायलिसिस सेंटर.

नियम सरळ होता. मिसळलेला कचरा घ्यायचा नाही आणि वर कळवायचं. कचऱ्याची उचल थांबली की दोन दिवसांत सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा राहणार नाही, मग रुग्णांना परत पाठवणार. जवळची बाकी सेंटरं भरलेली, जागा मिळाली तर पार ठाण्याला. डोंबिवलीहून कल्याणला जाताना रिक्षातच धाप लागणारी आई तिथवर पोचणार कशी?

संध्याकाळी तिने आईला आडून विचारलं, "आई, तिथे वापरलेल्या नळ्या कशात टाकतात गं?"

"पिवळ्या पिशवीत," सुमतीबाई उत्साहाने म्हणाल्या. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला प्रश्न आला की बरं वाटतं. "लाल डबा पार कोपऱ्यात आहे. ती शिवानी सिस्टर एकटी, बिचारी किती पळेल? मीच म्हटलं, अगं, टाक सगळं हाताशी असलेल्या पिशवीत. माझी ऋजुता त्या भट्टीवरच असते, ती सांगते, एक हजार पन्नास डिग्रीत काहीही उरत नाही. आता सगळेच तसं करतात."

हे वाक्य ऋजुताचंच होतं. नोकरी लागली तेव्हा आईला भट्टीची भीती वाटू नये म्हणून तिने ते ऐटीत ठोकून दिलं होतं.

"उरतं गं आई," ती म्हणाली. "क्लोरीन जळून नाहीसा होत नाही, धुरातून आम्ल होऊन बाहेर पडतो. ते कॉस्टिकच्या पाण्याने धुवावं लागतं. आणि तापलेला धूर सावकाश निवला, तर उष्णतेने मोडलेली विषं पुन्हा जुळून येतात. म्हणून त्याला पाण्याने झटक्यात थंड करावं लागतं. आमच्या यंत्राला थोडासाच क्लोरीन झेपतो. तुम्ही पिशव्याच्या पिशव्या पाठवताय. पलीकडच्या गावात लोकांचे डोळे चुरचुरतात."

सुमतीबाईंचा चेहरा उतरला.

"मग तुला कळवावं लागेल," त्या म्हणाल्या.

"कळवलं तर तुझं डायलिसिस चुकेल."

"त्यांच्या डोळ्यांना मी काय सांगू, माझं डायलिसिस होतं म्हणून? कळव. आणि हे कोणी शिकवलं तेही लिही."

ऋजुताने कळवलं. ते कोणी शिकवलं हे मात्र तिने लिहिलं नाही. लिहायचं झालं तर कोणाचं नाव लिहायचं, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. उचल थांबली आणि सुमतीबाईंचं गुरुवारचं डायलिसिस चुकलं. पाय सुजले, रात्री उशा रचून टेकून बसावं लागलं. ऋजुता पाण्याचा घोट मोजून देत होती आणि स्वतःवर चरफडत होती. आई मात्र कुरकुरली नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

सेंटरवाल्यांनी कचरा नव्याने वेगळा केला, तेव्हा कुठे शनिवारी सगळं सुरू झालं. लाल डबा आता खुर्च्यांच्या मध्ये आला होता. शिवानीने सुमतीबाईंना सुई लावली आणि आधीच्या रुग्णाच्या नळ्या गोळा करायला वळली.

"सिस्टर, टाका की त्या पिवळ्या पिशवीत," शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ सवयीने म्हणाले. "तिकडे काही उरत नाही म्हणे."

सुमतीबाईंना धड बोलायलाही धाप लागत होती. तरी त्यांनी मान उचलली.

"उरतं हो," त्या म्हणाल्या. "माझी ऋजुता सांगते."