यादीखालची ओळ

तिने मोठ्या पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफ बाजूला जाऊ दिली आणि डावा हात मागे घेत उजव्या हाताने भात उकरून पाहिला. शितं मोकळी होती. डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग अजून वाफ लागली की चरचरत असे. ॲप्रनच्या खिशातून मलमाची ट्यूब काढून तिने थोडंसं लावलं. ही ट्यूब बाबा पंधरवड्यापूर्वी दरवाजातल्या रखवालदाराकडे ठेवून गेले होते. दोन घेतल्या तर स्वस्त पडल्या, एक इथे असू दे, असा निरोप होता. गुडघ्यांना लावायचं सोडून भाजल्याचं मलम त्यांनी कशाला घेतलं, हे विचारायचं तिच्या डोक्यात आलं होतं आणि कामाच्या धबडग्यात निघूनही गेलं होतं.

"डबे लावले," रोवळी धुणाऱ्या मावशी म्हणाल्या. "सांग आता."

लांब टेबलावर रिकाम्या डब्यांच्या रांगा होत्या. गाडी बाहेर येऊन उभी होती आणि गाडीवाला हॉर्न वाजवायचा नाही हे ठाऊक असल्यामुळे नुसताच दारात येऊन उभा राहिला होता. तिने हात पुसले, फोन काढला आणि यादी उघडायला गेली.

यादी नव्हती.

या स्वयंपाकघराची एक रीत होती आणि ती आई इथे स्वयंपाकाला होती तेव्हापासूनची. रोज अकराच्या सुमाराला ऑर्डर घेणारी बाई दुसऱ्या दिवशीची मागणी फोनवर ऐकत पांढऱ्या फळ्यावर लिहायची. कचेऱ्या, दवाखाना, पाळणाघर, सगळे. कुठे किती डबे, कुणाला तिखट नको, कुणाला मीठ कमी. पूर्वी आई त्या फळ्यासमोर उभी राहून सगळं पाठ करायची. आपल्याला तेवढं डोकं नाही, असं मुलगी स्वतःच म्हणायची. ती फोटो काढायची. फोटो झाला की फळा पुसला जायचा, कारण त्याच फळ्यावर मालकीणबाईंना गाडीच्या फेऱ्या मांडायच्या असत. म्हणजे फोटो काढल्यावर ती यादी जगात एकाच ठिकाणी उरायची.

ते ठिकाण म्हणजे आईचा नंबर. आईला जाऊन सात महिने झाले होते, तरी ही रोज चॅट उघडून त्यातल्याच कॅमेऱ्याने फळ्याचा फोटो काढायची आणि पाठवायची. आई आजारी असताना लागलेली सवय. तेव्हा पलीकडून आईच्या आवाजातला निरोप यायचा, 'पाळणाघराला मऊ भात हं, विसरशील.' आता काही येत नसे. आईचा फोन घरी बाबांच्या उशाशी चालू असायचा, कारण बँकेचे निरोप त्याच नंबरवर येत. वाचल्याच्या निळ्या खुणा आईने केव्हाच बंद केल्या होत्या. तापल्या तव्यासमोर माणूस असताना 'वाचलंस ना मग उत्तर का नाही' हे तिला नको असायचं. त्यामुळे यादी पोचते एवढंच दिसे. कुणी पाहत असेल असं मुलीच्या मनातही आलं नाही, म्हणून तर ती यादीखाली एखादी ओळ लिहायची.

तिने बोट खालीवर फिरवलं. परवाची यादी होती, त्याआधीचीही होती, मागच्या महिन्यातल्याही होत्या. फक्त कालची नव्हती, आणि कालच्या यादीखाली लिहिलेली ओळही नव्हती. पहाटे तांदूळ मोजताना तिने हीच यादी उघडून पाहिली होती. आपल्याच हाताने पुसली गेली असेल म्हणून ती फोटोंच्या खणात गेली. तिथे नव्हती. चॅटमधून काढलेले फोटो तिथे साठू नयेत म्हणून ती सोय तिनेच बंद केली होती, नाहीतर फोनभर फळेच फळे झाले असते. पुसलेले फोटो महिनाभर राहतात त्या टोपलीतही नव्हती. जे तिथे कधी पडलंच नाही ते टोपलीत कुठून येणार? मालकीणबाईंच्या कॉम्प्युटरवर तिचं चॅट जोडलेलं होतं, तिथेही तीच रिकामी जागा. मालकीणबाई म्हणाल्या, ॲप काढून पुन्हा घाल, रात्रीची प्रत असेल. पण त्याला निदान अर्धा तास, आणि सापडेलच याची खात्री नाही.

ऑर्डर घेणारी बाई कालच भावाच्या लग्नाला गेली होती आणि तिचा फोन लागत नव्हता.

डब्यांचे आकडे जुळवता आले असते. परवाच्या यादीवरून अंदाज बांधून, दोन-चार फोन करून निभावलं असतं. पण आज भाजीत शेंगदाण्याचं वाटण होतं, आणि यादीत एका ओळीला लाल गोल होता. लाल गोल म्हणजे शेंगदाणा चालत नाही, आणि चालत नाही म्हणजे नुसतं आवडत नाही असं नव्हे, श्वास कोंडतो. पहाटे तिने त्या एका माणसाची भाजी आधी, वेगळ्या धुतलेल्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने केली होती आणि झाकून लांब ठेवली होती. ती भाजी समोर होती. कुणाची, ते तिला आठवत नव्हतं. काल गोल पाहिला, आज भाजी केली, आणि नाव मात्र फोनच्या भरवशावर सोडून दिलं.

मालकीणबाई एका फोनवर, ती दुसऱ्यावर. जेवणाची वेळ झाली की कुठल्याच कचेरीचा फोन मोकळा नसतो. लागला तरी पलीकडचा माणूस म्हणायचा, मला काय माहीत बाई कोण काय खातं.

"सगळ्यांनाच बिनवाटणाची देऊ," मावशी म्हणाल्या.

"एवढी कुठून आणू?"

"मग आज नुसता वरणभात द्या."

तेही करावं लागलं असतं. तिने पुन्हा चॅट उघडलं, सगळ्यात खाली गेली, आणि परवाच्या यादीखाली मधोमध बसलेली बारीक करडी ओळ तिला दिसली. ती जाहिरातीसारखी दिसायची म्हणून डोळा तिच्यावरून घसरला होता. आता तिने ती वाचली. आई यांनी संदेश नाहीसे होण्याची वेळ लावली आहे. नवे संदेश चोवीस तासांनी नाहीसे होतील.

तिने ती पुन्हा वाचली. आई यांनी.

मग तिला उलगडलं. म्हणून जुनं सगळं शाबूत होतं. वेळ लावल्यानंतरची पहिली यादी कालची, आणि काल याच सुमाराला पाठवलेली. एका बाजूने वेळ लावली की दोन्ही बाजूंचं जातं. पहाटे यादी होती कारण तेव्हा तिची वेळ भरली नव्हती.

सात महिन्यांत तिने या नंबरवर फोन केला नव्हता. ती इथेच कामाजवळ खोली घेऊन राहत होती. बाबांशी बोलायचं तर त्यांच्या फोनवर, रविवारी, आणि तेही दूध, वीज, गुडघे एवढंच. तिने फोन लावला. पडद्यावर आईचा हसरा फोटो आला. पलीकडून लगेच कुणीतरी उचलला.

"बाबा," ती म्हणाली. "कालची यादी तुम्ही पाहिली होती का?"

"पाहिली होती," बाबा म्हणाले. "रोज पाहतो."

"लाल गोल कुठे होता?"

"दवाखान्यापाशी. खालच्या मजल्यावरचा नव्हे, वरचा. लहान मुलांचा. तुझ्या आईला त्या गोलाची फार धास्ती असायची, म्हणून मी आधी तोच शोधतो."

तिने मालकीणबाईंना दवाखाना, वरचा मजला, असं खुणेने सांगितलं. त्यांनी दवाखान्यात फोन लावून सरळ वरच्या मजल्यावरची नर्स मागितली. आठवणीवर डबा पाठवणार नव्हतं कुणी. नर्सने कागद पाहिला आणि सांगितलं, हो, खिडकीजवळच्या मुलीला, शेंगदाणा अजिबात नाही. मालकीणबाईंनी मान हलवली. मावशींनी हात धुऊन, नवा चमचा घेऊन ती भाजी एका डब्यात भरली, झाकणावर लाल पट्टी लावली आणि मगच उरलेल्या रांगेला हात घातला.

फोन अजून तिच्या कानाला होता.

"वेळ तुम्ही लावलीत?"

"फोन भरला होता," बाबा म्हणाले. "बँकेचा निरोपही घेईना. दुकानातला पोरगा म्हणाला, जुनं सगळं काढून टाकू. जुन्यात तिचा आवाज आहे. मऊ भात, मीठ, तू जेवलीस का. ते कसं काढायला देऊ? मग तो म्हणाला, तर नवं तरी साठू देऊ नका. त्याने काहीतरी दाबलं. तुझ्याकडचंही जाईल हे मला कळलं नाही ग."

"असू दे."

"हात कसा आहे आता?"

भाजल्याचं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. मालकीणबाईंना कळलं असतं तर त्यांनी चुलीपासून लांब बसवलं असतं. तिने ते एका यादीखाली लिहिलं होतं फक्त. आणि आणखी काय काय लिहिलं होतं. खोलीत एकटीला झोप येत नाही. बाबा काही बोलत नाहीत, त्यांना माझी आठवण येत नसेल. मला तुझ्यासारखं जमत नाही.

"बरा आहे," ती म्हणाली. "मलम लावते."

"लाव. रात्री झोपताना जास्त लावायचं."

गाडीवाला दारातून सरकला, मावशी डबे उचलू लागल्या, आणि बाबांनीच, जा, काम कर, म्हणून फोन ठेवला. तिने आकडे परवाच्या यादीवरून लावले, कचेऱ्यांचे दोन फोन लागले तसे दुरुस्त केले, तीन डबे जास्तच भरले. गाडी उशिरा निघाली. मालकीणबाई जे बोलायचं ते बोलल्या आणि तिने ते मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण ते खरंच होतं.

मग मालकीणबाईंनी स्वतःच फळ्यावर उद्याची यादी लिहिली. तिने फोनचा साधा कॅमेरा उघडून फोटो काढला, तो नीट पडलाय का पाहिलं, आणि कागदावरही सगळं उतरवून तो कागद चुलीवरच्या भिंतीतल्या खिळ्याला टोचला. लाल गोल दोनदा काढला. फळा पुसला गेला.

काम संपलं होतं. आता आईकडे यादी पाठवायची तिला काही गरज नव्हती.

तिने चॅट उघडलं. करड्या ओळीवर बोट ठेवलं की वेळ बंद करता येते, हे तिला आता माहीत होतं. बंद केली तर पलीकडचा फोन पुन्हा भरेल. तिने ती तशीच ठेवली. फोटो पाठवला आणि खाली, रोजच्या जागी, एक ओळ लिहायला घेतली. आई म्हणून सुरुवात केली, ते पुसलं. बराच वेळ नुसती रेघ लुकलुकत राहिली.

मग तिने लिहिलं, 'बाबा, जेवलात का?'

वर आईचं नाव होतं, आईचा हसरा फोटो होता. त्याखाली कुणीतरी लिहितंय असं दिसू लागलं, थांबलं, पुन्हा दिसू लागलं. बाबांना अक्षरं शोधून दाबावी लागत.

'अजून नाही,' असं आलं.

तिने रॅकवरून दोन डबे खाली काढले, भात अजून कोमट होता तो भरला, आणि मावशींना सांगितलं की आज मी जरा घरी जाऊन येते.