स्वच्छ आलेख

इंद्रभानमामाने मला एकदाच विचारलं होतं, "निशे, फरदड ठेवू का उपटू?" आणि मी, प्रयोगशाळेत चार वर्षं काढलेली शहाणी, त्याला बिनदिक्कत म्हणाले, "ठेव." डिसेंबरची वेचणी झाल्यावर कपाशीला पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायची, ती फरदड. बीटी कपाशीतल्या विषाला न जुमानणारी गुलाबी अळी शेतात असेल, तर तिला ही मेजवानीच.

ती नाही, असं मला वाटलं होतं, तेही पुराव्यावर. मामाच्या गावच्या, अमडापूरच्या, सापळ्यांतल्या या अळीच्या चाळीस पतंगांचा डीएनए एकत्र करून, बीटीचं विष ज्यामुळे लागू पडतं ते जनुक मी सँगर पद्धतीने वाचलं होतं. त्यात डीएनएची नवी प्रत वाढताना मध्येच पुढे जोडू न देणारं रंगीत अक्षर लागतं आणि साखळी थांबते. थांबलेले तुकडे लांबीने लावले की रंगांवरून मजकूर वाचता येतो. आलेख छान आला होता. एका जागेपासून पुढे शिखरांच्या पायथ्याशी बारीक खुरटे उंचवटे दिसत होते, ते मी कचरा म्हणून सोडले. आगाऊपणा, दुसरं काय!

आमचे प्रमुख जुनेद सर संशयी. त्यांनी तोच डीएनए नव्या यंत्रावर पाठवला. ते काचेवर लाखो तुकडे अलग चिकटवून प्रत्येक वेगळा वाचतं. अहवाल आला: पाच हजार वाचनांपैकी तीनशेंमध्ये चोवीस अक्षरं गायब, म्हणजे जनुक मोडकं.

"सँगरमध्ये सगळे रेणू एकदम बोलतात," सर म्हणाले. "शंभरातल्या सहांचा आवाज कोणाला ऐकू येणार?"

सर पुढे म्हणाले, "पण चाळिसांचा काला केल्यावर, आईकडून-बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती मोडलेला जीव त्यात आहे का, हे यंत्रालाही कळत नाही. एकच अळी आण. एका अळीचा एवढासा तुकडा वाचायला सँगरच बरा."

मामाने हिरव्या बोंडातली एक जिवंत अळी पाठवली. कडेच्या बिनबीटी झाडावरची असेल, तिथे कुठलीही अळी जगते, अशी मी मनाची समजूत घातली.

एकच प्रत मोडकी असली, तर त्या जागेपुढे दोन मजकूर एकावर एक येऊन आलेखाची गिचमिड होते. अशा अळीला बीटी अजून मारतं. दोन्ही मोडक्या असल्या, तर नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी गिचमिडीसाठी देवाला हात जोडले.

आलेख आला. शिखरं सुटी, टोकदार, पायथा कोरा. चोवीस अक्षरं दोन्ही प्रतींत नव्हती. इतका स्वच्छ आलेख मी कधी पाहिला नव्हता.

मामाला फोन लावला. "मामा, आजच उपट. सगळी."

"म्या उपटतो, पोरी," तो म्हणाला. "पन तुह्या शब्दावर साऱ्या गावानं फरदड ठेवली. त्यायले कोन सांगन?"