तिसरी चढाई

आधीच सांगून ठेवते, मी भांडकुदळ बाई नाही. बसमध्ये कंडक्टर आहे, त्यामुळे आवाज मोठा आहे, एवढंच. दिवसभर "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून घसा असाच होतो. पण त्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये जे पाहिलं, ते पाहून मुकी बाईसुद्धा बोलली असती.

भाचा माझा नववीत आहे. दादाचा धाकटा. उंची बेताची, ना उंच ना बुटका, रांगेत उभा केला तर मधोमध सापडेल असा. पण दम म्हणाल तर! लिफ्ट बंद पडली की अख्ख्या इमारतीच्या पिशव्या हाच पाचव्या मजल्यापर्यंत पोचवतो आणि वर जाऊन गप्पा मारतो, धाप नावाला नाही. शाळेतल्या कबड्डीच्या सरांनी त्याचं नाव 'बॅटरी' ठेवलं. कधी उतरत नाही म्हणून. मग पोरंही बॅटरी म्हणायला लागली, आणि हळूहळू आमच्या घरातसुद्धा तेच सुरू झालं. मला ते कधी आवडलं नाही, पण म्हटलं, कौतुकाने म्हणतात, म्हणू दे.

मीही कबड्डी खेळलेय. उजव्या कोपऱ्याला उभी राहायचे, चढाईला आलेलीचा पाय धरायला. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला. तरी याचे सामने बघायला जमत नव्हतं, कारण रविवारी माझी ड्युटी. त्या रविवारी पहिल्यांदा सुट्टी मिळाली आणि मी जाऊन पुढच्याच बाकावर बसले.

आता नियम सांगते, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. चढाई करणारा पलीकडे जातो, कोणाला शिवून परत आला तर गुण. कोणालाच न शिवता सुखरूप परत आला तर ती रिकामी चढाई. गुण नाही, पण नुकसानही नाही. मात्र एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणावाच लागतो. नाही आणला तर चढाई करणारा बाद. समोरच्या सातांनाही हे माहीत असतं. ते मागे सरकून दबा धरून बसतात, की बाबा, तुला यायचंच आहे, ये.

तर संघात एक ताडमाड पोरगा आहे, सगळे त्याला जिराफ म्हणतात. पोरगा वाईट नाही. लांब पाय, लांब हात, सरांचा जीव की प्राण. पहिली चढाई जिराफाची. गेला, फिरला, परत आला. रिकामी. दुसरीही त्याचीच, तीही रिकामी. आणि तिसरीला सर काय ओरडले?

"बॅटरी, जा!"

गेला बिचारा. धरला. बाद. बाहेर येऊन बाकावर बसला. जिराफ आत सुखरूप. मग पुढे कोणीतरी गुण आणला की हा परत आत, पुन्हा दोन रिकाम्या, पुन्हा "बॅटरी, जा!" मला वाटलं योगायोग असेल. चौथ्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सामना संपल्यावर मी सरांना गाठलंच.

"सर, दर वेळी तिसरी चढाई माझ्याच भाच्याची का?"

सर हसले. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "ताई, तुम्हाला नाही कळायचं. त्याच्याकडे दम आहे. कितीदाही आत-बाहेर केलं तरी थकत नाही. उंची मात्र मध्यम, हात पोचत नाही. जिराफ बाद झाला तर संघाचं काय होईल? कोणीतरी जायलाच हवं ना."

"दम आहे म्हणता आणि अर्धा सामना त्याला बाकावर बसवता? बसायला दम लागतो होय?"

"निवड समिती गुण बघते, ताई. जिराफाची निवड झाली तर शाळेचं नाव होईल."

"आणि याच्या नावापुढे काय लागेल? बाद, बाद, बाद?"

त्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि निघून गेले. उंटावरचे शहाणे!

घरी येऊन मी दादापुढे सगळं ओकले. दादा आमचा गरीब गाय. म्हणाला, "अगं, सर आहेत ते, विचार करूनच पाठवत असतील." वहिनी म्हणाली, "वन्सं, आपण बोलायला गेलो आणि त्यांनी याला संघातूनच काढलं तर?" त्यांची भीती खोटी नव्हती. पुढच्या महिन्यात निवडीचा सामना होता. समिती हॉलमध्ये बसून जिल्हा संघाच्या शिबिरासाठी पोरं निवडणार होती आणि शिबिरात जायचं हे याचं सहावीपासूनचं स्वप्न. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं वेळापत्रक मी पाहिलंय, पहाटे उठून पळायचं, दोरीवरच्या उड्या, सगळं.

पण खरा चटका मला त्याच्याच बोलण्याने बसला. शांतपणे बूट काढत म्हणाला, "आत्या, सोड ना. कोणीतरी जायलाच हवं ना."

तेच वाक्य! सरांचं वाक्य पोराच्या तोंडात! तीन वर्षं पढवलंय त्याला, की तू मरायलाच आहेस. मला रडू आलं आणि रडू आलं की मी ओरडते.

"ऊठ! बूट घाल परत. खाली चल."

खाली पार्किंगमध्ये खडूने रेघा मारल्या. मी उजव्या कोपऱ्यात उभी राहिले, गुडघ्याला पट्टा बांधून. म्हटलं, "आता मी तुला कोपऱ्याच्या पोटातलं सांगते. तिसऱ्या चढाईला तू काय करतोस?"

"सर म्हणतात, गेल्या गेल्या हात टाक."

"म्हणजे ते ताजेतवाने असताना तू त्यांच्या मिठीत जातोस! अरे, चढाईची पुरी तीस सेकंद तुझी आहेत. तुला उंची नाही, पण ती तीस सेकंद तुझ्याइतकी कोणाला पेलत नाहीत. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पळत राहा. थांबूच नकोस. तू इकडे आलास की सातही जणांना सरकावं लागतं, तिकडे गेलास की परत सरकावं लागतं. हातात हात धरलेले असतात ना, ते सुटायला लागतात. आणि कोपऱ्याला धीर नसतो. मला नव्हता. वाट बघून बघून तो स्वतःच झेपावतो. त्याची टाच उचलली की समज, आला. पाय काढून घे आणि सूट. तो तुला शिवला आणि तू घरी पोचलास, तरी गुण तुझाच."

रोज संध्याकाळी ड्युटी संपली की हेच. शेजारची पोरं साखळी करायला घेतली. सुरुवातीला सात वेळा माझ्या हातात सापडला. मग सापडेनासा झाला. एकदा मी झेपावले आणि थेट स्कूटरवर जाऊन आदळले. वहिनी वरून ओरडली, "वन्सं, हाडं मोडतील!" पोरगा मात्र हसत होता. खूप दिवसांनी हसत होता.

निवडीचा दिवस आला. समितीचे तिघे टेबलामागे बसले होते, त्यांत एक चष्मेवाल्या बाई. आमचे दादा-वहिनी माझ्या दोन बाजूंना. सरांचं गणित तेच. जिराफ रिकामा, जिराफ रिकामा, "बॅटरी, जा!"

आणि बॅटरी गेली. या टोकाला, त्या टोकाला, परत या टोकाला. तोंडात "कबड्डी कबड्डी" सुरूच, दम तुटत नाही. मी बाकावरून त्यांच्या कोपऱ्यांच्या टाचांवरच डोळे लावून होते म्हणा ना! पंचवीस सेकंद झाली आणि त्यांचा डावा कोपरा फुटला, झेपावला. याने पाय काढून घेतला आणि मध्यरेषेपलीकडे! गुण. पुढच्या वेळी पुन्हा गुण. मध्यंतरापर्यंत असे चार. त्यात एकदा धरला गेला, खोटं कशाला बोलू, पण चार गुण आणले पोराने.

मध्यंतरात मी पाणी द्यायच्या निमित्ताने बाकापाशी गेले. वाटलं, सर पाठ थोपटतील. सर काय म्हणाले माहितीये?

"समोरच्या संघाचा कोपरा कच्चा आहे. तिसऱ्या चढाईत आज गुण मिळतायत. आता तिसरी जिराफ करेल. बॅटरी, तू पहिल्या दोन कर. रिकाम्या. आत जा, त्यांच्या बाजूची निदानरेषा तेवढी ओलांड, परत ये. कोणाला हात लावू नकोस."

ऐकलंत? तिसरीत मरण होतं तोवर माझ्या भाच्याची, आणि गुण दिसले की जिराफाची! आयत्या बिळावर नागोबा! मी तोंड उघडलं होतं, पण भाच्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. नको, म्हणाला. पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि सरांना म्हणाला, "हो सर, पहिल्या दोन माझ्या."

मला तेव्हा त्याचाच राग आला. इतकं शिकवलं, आणि हा परत हो सर!

दुसरा डाव सुरू झाला. पहिली चढाई त्याची. गेला आणि पळायला लागला. या टोकाला, त्या टोकाला. सर उभे राहिले. "परत ये! रिकामा ये!" तो ऐकेल तर शपथ. शेवटच्या सेकंदांना उजवा कोपरा सुटला, याने त्याच्या हाताला झटका दिला आणि परत. गुण.

गुण आला म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पुढची चढाई पुन्हा पहिलीच, म्हणजे पुन्हा त्याची. एकदा रिकामा आला, मी श्वास रोखला, पण दुसरीत परत गुण आणला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी वहिनीचा हात इतका दाबला की ती ओरडली. अहो, पहिल्या दोनांत गुण आला, तर तिसरी येतेच कुठे! सरांनी दिलेल्या दोनच चढायांत पोरगा गुण आणत होता आणि तिसरी जन्मालाच येऊ देत नव्हता. एकदा तो पकडला गेला, बाहेर बसला, पुढच्या पकडीवर परत आत आला आणि पुन्हा तेच. जिराफ बिचारा कमरेवर हात ठेवून तिसऱ्या चढाईची वाट बघत उभा. ती शेवटपर्यंत आली नाही.

आपण सामना जिंकलो, आणि आम्ही तिघं धावतच पोरापाशी पोचलो. सर घामाघूम, चेहरा लाल. भाच्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाले, "मी तुला रिकामा यायला सांगितलं होतं."

"सर, खूप वर्षं रिकामा गेलो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही.

तेवढ्यात समितीच्या चष्मेवाल्या बाई तिथे आल्या. सरांनी क्षणात हात भाच्याच्या खांद्यावर टाकला. "तीस सेकंद वापरायची ही पद्धत मी बसवून घेतली याच्याकडून. फार मेहनत घेतली याच्यावर." माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. दादाने, होय, आमच्या त्या गरीब दादाने, मला आवरायला धरलेला माझा हात सोडून दिला, की जा, बोल.

पण बाईंनीच विचारलं, "छान. शिबिरासाठी हवाय हा मला. नाव काय याचं?"

सरांनी तोंड उघडलं. "हा… हा आपला बॅटरी."

"अहो, नाव."

तीन वर्षं दर सामन्यात त्याला मरायला पाठवणाऱ्या माणसाला त्याचं नाव येत नव्हतं! त्यांनी जिराफाकडे पाहिलं, मग इतर पोरांकडे. पोरंही एकमेकांकडे बघायला लागली. मी छाती भरून श्वास घेतला, थांब्यावर हाक मारते तसा आवाज काढायला. तेवढ्यात माझा भाचा सरांच्या हाताखालून बाजूला झाला, बाईंसमोर उभा राहिला आणि त्याने आपलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

घरी येताना वहिनीने त्याला त्याच नावाने हाक मारली. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी बॅटरी म्हणत नाही.