सुरकुती नसलेली घोंगडी

निर्मला दहावीच्या मराठीत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा तिच्या बापानं, भावसिंगनं तांड्यावर सांगून टाकलं, "ऑक्टोबरचा पेपर शेवटचा. मग गुलाबचंदच्या पोराला हो म्हनायचं."

घरात गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलणारी ही पोरगी मराठीचे धडे घडाघडा म्हणायची. अडायची ती न वाचलेल्या उताऱ्यात. उत्तर ओळींत शोधायची, आणि सापडलं नाही की काहीतरी ठोकून द्यायची.

आखाडा बाळापूरच्या पद्माबाई शाळा सुटल्यावर तिला शिकवत; त्यांच्यासारखी मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं. परीक्षा तोंडावर आलेली. त्या दिवशीचा उतारा होता: 'म्हातारीने अंगणात दोन बाजा टाकल्या. एकीवर नवी घोंगडी अंथरली. कंदील विझवला नाही. सकाळी घोंगडीवर एकही सुरकुती नव्हती.' प्रश्न होता, म्हातारीची रात्र कशी गेली?

'बाज टाकण्यात,' निर्मलानं लिहिलं. बाईंनी मान हलवली.

"मग तिचा ल्योक मेला. ती रडत होती."

"मेला असं कशावरून?"

"कशावरूनच न्हाई!" तिनं पुस्तक भिरकावलं. "लिहिणारानं उत्तर दडवून ठिवलं, अन् मी हितं मरून राहिले! माझं लगीन लावून देतील, बाई." गुडघ्यांत डोकं घालून ती हमसून रडू लागली.

बाईंनी तिला रडू दिलं. मग पुस्तक उचलून विचारलं, "दुसरी बाज कुणाची?"

"येणाराची," ती मुसमुसत म्हणाली.

"कंदील काहून जळत ठेवला?"

"त्याला वाट दिसावी म्हनून."

"आणि सुरकुती?"

निर्मलानं डोकं वर केलं. "कुणी निजलंच न्हाई तिच्यावर. बाई, ती वाट बघत बसली होती. कुणी आलंच न्हाई!"

"कोण आलं नाही?"

"ल्योक..." ती थबकली. "ते कळत न्हाई."

"बराबर. जेवढ्याला खूण आहे, तेवढंच म्हणायचं."

कळमनुरीला परीक्षेत उतारा आला तो बैल विकणाऱ्या माणसाचा. बैल गेल्यावर त्यानं घुंगुरमाळ उपरण्यात बांधून घेतली. वाटेत ती वाजली की तो मागं वळून पाही. त्याला काय वाटत होतं? ओळींत कुठंच नव्हतं. निर्मलाला उठून पळावं वाटलं. पेन घट्ट धरून तिनं उतारा पुन्हा वाचला, खुणा धरल्या, आणि लिहिलं: 'बैल विकला तरी त्याचा जीव बैलातच अडकला होता. म्हणून माळ दिली नाही, आणि आवाज आला की बैल मागून येतो असं वाटून तो वळे.'

निकालापर्यंतचे दिवस तिनं अर्धपोटी काढले. गुलाबचंदकडचे लोक दोनदा येऊन गेले. शेवटी पद्माबाई स्वतः तांड्यावर आल्या. "पास झाली," एवढंच म्हणाल्या.

निर्मलानं बाईंचे पाय धरले.  भावसिंग पागोटं बांधून उठला. "गुलाबचंदला सांगून येतो," तो म्हणाला. "पोरगी मास्तरीण व्हनार हाय. थांबायचं तर थांबा."

चार पावलं जाऊन तो परत फिरला आणि पद्माबाईंना म्हणाला, "बाई, जेवल्याबिगर जाऊ नका."